१ आहे की 9? प्रश्नपत्रिकेतला अंकांचा घोळ दर परीक्षेला परत का येतो

घटक चाचणी असो, सत्र परीक्षा असो की शिष्यवृत्तीचा सराव पेपर, गणिताच्या पेपरला एक तक्रार हमखास येते: मुलांनी अंक चुकीचा वाचला. हात वर करून “सर, हा एक आहे का नऊ?” असं विचारणारी मुलं थोडीच. बाकीची जे दिसलं ते धरून गणित सोडवतात आणि तपासणाऱ्याला ती आकडेमोडीची चूक वाटते. पहिल्या तासात मूल संदर्भावरून अंक ओळखतं. शेवटच्या अर्ध्या तासात डोळे आणि डोकं दोन्ही थकलेलं असतं, तेव्हा छापलेला आकार जसा दिसतो तसाच घेतला जातो. तक्रार आली की फॉन्ट बदलला जातो, अक्षर ठळक केलं जातं, आणि पुढच्या परीक्षेला पुन्हा तेच. याचं कारण असं की हा एकच दोष नाही. दिसायला सारखे असणारे तीन वेगळे दोष आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

तासगाव, जत, कवठेमहांकाळकडच्या बऱ्याच शाळांत पेपर तयार होण्याची रीत अशी: शिक्षक हाताने लिहून देतात, टायपिंग सांगलीत किंवा मिरजेत डीटीपीवाल्याकडे होतं आणि छपाई शाळेतल्या किंवा केंद्रातल्या रिसो छपाईयंत्रावर. या तिन्ही टप्प्यांवर घोळ शिरू शकतो. म्हणून आधी तो कुठे शिरला ते शोधायचं.

दोष कुणाचा, मुलाचा की कागदाचा?

एक उदाहरण घेऊ. पेपरात असं छापलं आहे:

“8 मजूर एका द्राक्षबागेची छाटणी 6 दिवसांत करतात. तेच काम १२ दिवसांत करायचे असल्यास किती मजूर लागतील?”

बरोबर उत्तर ४. आठ मजुरांचे सहा दिवस म्हणजे ४८ मजूर-दिवस, भागिले बारा. पण वर्गातल्या पाच-सहा मुलांनी उत्तर २ लिहिलं असेल तर लगेच गुण कापू नका. पहिला अंक “चार” समजून गणित करून बघा: चार गुणिले सहा चोवीस, भागिले बारा, उत्तर दोन. रीत पूर्ण बरोबर आहे, अंक चुकला आहे. इंग्रजी 8 आणि मराठी ४ यांचा सांगाडा जवळजवळ एकच. फरक एवढाच की ४ वरून उघडा असतो. त्याच वाक्यात पुढे “१२” मराठी अंकांत आहे, त्यामुळे मुलाने सगळेच अंक मराठी धरले. त्यात त्याची काही चूक नाही.

ओळखायची खूण ही: चुकलेली उत्तरं विखुरलेली असतील तर ती आकडेमोडीची चूक. बरीच मुलं एकाच चुकीच्या उत्तरावर येऊन थांबली असतील तर संशयित अंक बदलून गणित पुन्हा करायचं. उत्तर जुळलं की दोष छापील कागदाचा.

कधी कधी उत्तर येतच नाही, आणि ते जास्त वाईट. “त्रिकोणाच्या बाजू 9 सेमी, १२ सेमी, १५ सेमी आहेत” या ओळीत 9 चा “एक” झाला तर एक अधिक बारा तेरा, आणि तिसरी बाजू पंधरा. असा त्रिकोणच होत नाही. हुशार मूल इथे अडकतं, कारण त्याला दोन बाजूंच्या बेरजेचा नियम माहीत आहे. खरं तर हा साधा काटकोन त्रिकोण आहे, क्षेत्रफळ ५४ चौसेमी.

पहिला दोष: दोन अंकपद्धतींची सरमिसळ

वरच्या दोन्ही उदाहरणांत फॉन्ट कितीही चांगला वापरला तरी फायदा झाला नसता. मराठी १ हा इंग्रजी 9 सारखाच दिसतो, ४ हा 8 सारखा, ५ हा 4 सारखा, आणि ७ हा आरशात पाहिलेल्या 6 सारखा. ज्या त्या पद्धतीत हे आकार योग्यच आहेत. घोळ होतो तो दोन्ही पद्धती एका पानावर आल्या की.

मुद्रितशोधनात ही सरमिसळ का सुटते तेही समजून घ्या. ०, २ आणि ३ हे अंक दोन्ही पद्धतींत जवळपास सारखे दिसतात आणि त्यांची किंमतही तीच. त्यामुळे “२0” किंवा “3०” डोळ्याला खटकत नाही. तपासणाऱ्याची नजर अशा दहा ठिकाणी निर्धोक पुढे सरकते आणि अकराव्या ठिकाणच्या 9 वरूनही तशीच निघून जाते.

सरमिसळ होते कुठून? तीन नेहमीच्या जागा. एक, वर्डमधलं समीकरण: त्यातला फॉन्ट सहसा `Cambria Math` असतो, त्यात देवनागरी अंक नाहीत, म्हणून अपूर्णांक आणि घातांक इंग्रजीत येतात आणि आजूबाजूचं वाक्य मराठीत राहतं. दोन, आपोआप येणारे प्रश्नक्रमांक, जे मुद्दाम बदलले नाहीत तर इंग्रजीतच येतात. तीन, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली फाईल. त्यात अंक साठवलेला असतो इंग्रजी कळीच्या जागेवर आणि फॉन्ट त्याला मराठी आकार देतो. त्या मजकुराचा तुकडा दुसऱ्या फाईलमध्ये चिकटवला किंवा फॉन्ट बदलला की स्क्रीनवरचा १ एकदम 1 होतो. मागच्या वर्षीच्या पेपरातून प्रश्न उचलताना हे सर्रास घडतं.

उपाय: पेपर टाईप होण्याआधीच अंकपद्धत ठरवा आणि त्या इयत्तेच्या, त्या विषयाच्या पाठ्यपुस्तकात जी आहे तीच घ्या. मुलांनी वर्षभर जे अंक पाहिले तेच पेपरात हवेत. मग प्रश्नक्रमांक, गुण, वेळ, आकृतीतली मापं, सगळं त्याच पद्धतीत. आकृती विशेष बघा, कारण ती बहुतेक वेळा चित्र म्हणून चिकटवलेली असते आणि तिच्यातले अंक कुणी तपासतच नाही.

टाईप झालेल्या फाईलमध्ये सरमिसळ शोधायला डोळ्यांवर विसंबू नका. लिब्रेऑफिसमध्ये `Ctrl+H` दाबा, खाली `Regular expressions` वर खूण करा आणि शोधायच्या चौकटीत यातली एक ओळ टाका:

```
[०-९]
[0-9]
```

पेपर इंग्रजी अंकांत हवा असेल तर पहिली ओळ, मराठी अंकांत हवा असेल तर दुसरी. मग `Find All`. नको असलेले सगळे अंक एकदम निवडले जाऊन उजळतात. वर्डमध्ये हाच शोध `Use wildcards` वर खूण करून चालतो. स्क्रीनवर ढळढळीत १, २, ३ दिसत असताना पहिल्या ओळीने काहीच सापडलं नाही, तर फाईल जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये आहे असं समजा. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर प्रत्येक अंक, वजाचं चिन्ह आणि कंस मूळ प्रतीशी ताडून पाहा. समीकरणं, आकृत्या आणि आपोआप येणारे प्रश्नक्रमांक या शोधातून निसटतात. ते सगळं हाताने तपासायचं, त्याला दुसरा मार्ग नाही.

दुसरा दोष: छपाईत बुजणाऱ्या फटी

अंकपद्धत एकच आहे, तरीही तक्रार आहे? मग स्क्रीन सोडा आणि वर्गात वाटलेली शेवटची प्रत हातात घ्या. फाईल नको, पहिली प्रतही नको. शेवटची.

तिच्यावर दोन शब्द शोधा: धन आणि घन. गणितात दोन्ही येतात, दोन्ही एकाच वाक्यात बसू शकतात. “धन संख्येचे घनमूळ” यात अर्थाचा सगळा भार एका फटीवर आणि एका छोट्या वळणावर आहे. ध च्या डोक्यावर शिरोरेषा तुटते, घ च्या डोक्यावर ती सलग असते. भ आणि म यांचंही तेच, म्हणून विज्ञानाच्या पेपरात “भार” चा “मार” होतो. ही फट शाईने भरली की थकलेल्या मुलाला दोन अक्षरांत फरक करायला काही उरतच नाही. अंकांतही तसंच: १ चा आणि ९ चा वरचा गोल भरला की दोन्ही शेपटीवाले ठिपके दिसतात.

फट भरण्याचं सगळ्यात मोठं कारण फॉन्ट नसून लहान करून छापणं हे आहे. कागद वाचवायला ए-फोरची दोन पानं एका ए-फोरवर शेजारी शेजारी बसवतात. त्यात प्रत्येक पान ७१ टक्के होतं, म्हणजे फाईलमधला १२ पॉइंट कागदावर साडेआठ होतो. घातांक मुळातच मजकुराच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. तो सहा पॉइंटच्याही खाली जातो. तिथे घात २ आहे का ३ हे चांगल्या नजरेलाही सांगता येत नाही. पेपर असाच छापायचा असेल तर मूळ फाईल १७ पॉइंटमध्ये करा, मग छापल्यावर बारा मिळतील. पानं वाढतील हे खरं, पण सहावीच्या मुलाला साडेआठ पॉइंटचा गणिताचा पेपर देणं हा अन्याय आहे.

दुसरं कारण ठळक अक्षर. वाचता येत नाही म्हणून सगळा पेपर ठळक केला की रेघ जाड होते आणि फट तेवढीच अरुंद होते. देवनागरीत हा उपाय उलटा पडतो. रेघ बारीक वाटत असेल तर एक वजन वरचं घ्या, रेग्युलरऐवजी मीडियम. बोल्ड फक्त “प्रश्न १” सारख्या मथळ्यांना ठेवा.

तिसरं कारण रिसोची सेटिंग. मूळ प्रतीचा प्रकार `Photo` वर राहिला असेल तर यंत्र प्रत्येक रेघेचे ठिपके करतं आणि दशांशचिन्ह, अनुस्वार, बारीक रेघा तुटतात. प्रश्नपत्रिकेला `Line` हवं. आकृतीसाठी `Duo` लावायचा मोह होतो, पण रेघांच्या आकृतीला `Line` च चांगलं. स्कॅनची घनता मधल्या पायरीवरून सुरू करा. शिरोरेषेची फट भरत असेल तर एक पायरी कमी, बारीक रेघ तुटत असेल तर एक पायरी जास्त. दर बदलानंतर नवा मास्टर, म्हणजे ज्यावरून प्रती निघतात ती स्टेन्सिल, काढावा लागतो, जुन्यावर फरक दिसत नाही. आणि मास्टर झेरॉक्सवरून काढू नका. लेझर प्रिंटरची ताजी प्रत घ्या, कारण झेरॉक्सची झेरॉक्स करताना दर वेळी रेघ थोडी पसरते.

मग फॉन्ट कुठला?

आता फॉन्टकडे यायला हरकत नाही. निवडताना तीनच गोष्टी बघा: जाड-बारीक रेघांतला फरक कमी असावा, अक्षरांच्या पोटातली जागा मोकळी असावी आणि वळण मराठी असावं.

पहिल्या दोन गोष्टींत `Mukta` रिसोला चांगला टिकतो. मोफत आहे, वजनं बरीच आहेत, आणि इंग्रजी अक्षरं त्याच फॉन्टात असल्याने समीकरणाबाहेरचा x किंवा AB परका वाटत नाही. `Tiro Devanagari Marathi` चं वळण मुळातच मराठी आहे आणि लेझरवर तो देखणा दिसतो, पण त्याच्या बारीक रेघा रिसोवर चौदा पॉइंटच्या खाली तुटू शकतात. भाषेच्या पेपरला तो घ्या, गणिताला पहिला.

मराठी वळणाचं महत्त्व कशासाठी? पाचवीतलं मूल जे ५, ८, ९ लिहितं त्यांचे आकार काही फॉन्टात वेगळे असतात, कारण ते फॉन्ट हिंदी वळण धरून केलेले आहेत. ल आणि श यांचंही तसंच. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहेत. अनेक फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण मराठी वळण हवं तर मजकुराची भाषा मराठी ठरवावी लागते. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून `Format`, `Character` मध्ये जा आणि देवनागरीच्या भागात भाषा `Marathi` करा. ल चा आकार बदलला की समजा ९ सुद्धा तपासायची वेळ झाली. काहीच बदललं नाही तर त्या फॉन्टात एकच वळण आहे.

वर्डमध्ये एक सापळा आहे. `Ctrl+D` दाबल्यावर `Latin text` आणि `Complex scripts` अशा दोन चौकटी दिसतात. मराठी अक्षरं आणि मराठी अंक दुसऱ्या चौकटीतला फॉन्ट आणि आकार घेतात, इंग्रजी अंक पहिल्या चौकटीतला. एकीकडे चौदा आणि दुसरीकडे अकरा असेल तर वाक्यातले अंक अक्षरांपेक्षा लहान येतात आणि कारण सापडत नाही. दोन्ही चौकटी एकदाच भरा.

शून्यावर तिरपी रेघ असलेले फॉन्ट अंक ओळखायला चांगले म्हणून सुचवले जातात. `Atkinson Hyperlegible` त्यातलाच, 1, l आणि I अगदी वेगळे दाखवणारा. त्यात देवनागरी नाही हा एक भाग. पण गणिताच्या पेपरात रेघेचं शून्य घेऊच नका: संच शिकलेली मुलं त्याला रिक्त संचाचं चिन्ह समजतात.

तिसरा दोष: बीजगणित-भूमितीतले जुळे

“रेषा l ही रेषा m ला समांतर आहे.” साध्या, टोकं नसलेल्या फॉन्टात l हा उभा दांडा असतो, शेजारी 1 आला की काहीही वाचता येतं. चलाक्षरं तिरप्या, टोकं असलेल्या फॉन्टात ठेवा. त्याहून सोपं म्हणजे पेपर काढतानाच रेषांना m आणि n, किंवा p आणि q नावं द्या. तसंच “1 l पाणी” न लिहिता “1 लीटर पाणी” लिहा, नाहीतर अकरा वाचलं जातं. वर्तुळकेंद्र O आणि शून्य एकाच आकृतीत येत असतील तर केंद्राला P म्हणा. फॉन्टने सोडवायच्या आधी प्रश्नच बदलता येत असेल तर तो मार्ग नेहमी पक्का.

वजाचं चिन्ह हा वेगळा त्रास. बहुतेक जण जोडरेघ टाईप करतात. ती आखूड असते, छपाईत पुसट होते आणि ओळीच्या शेवटी एकटी राहून पुढचा 5 खालच्या ओळीत धन होऊन बसतो. वर्डमध्ये `2212` टाईप करून लगेच `Alt+X` दाबा, खरं वजाचं चिन्ह येतं, अधिकाच्या आडव्या रेघेएवढं रुंद. गुणिलेसाठी `00D7` आणि `Alt+X`. X अक्षर वापरलं तर चल आणि गुणाकार एकच दिसतात. गुणोत्तरात विसर्ग टाईप झालेला नाही ना तेही बघा. विसर्गाची टिंबं गोलसर असतात आणि ती अंकाला चिकटतात, मग ३ः४ मधला मधला भाग शून्यासारखा दिसायला लागतो. दशांशाआधी शून्य लिहा: .५ नको, ०.५ हवं.

परत परत का येतो?

वरचं सगळं दुरुस्त करूनही सहामाहीला तोच घोळ आला तर फाईलचा प्रवास तपासा. शिक्षकांच्या लॅपटॉपवर `Mukta` होता, छपाईच्या संगणकावर नव्हता. वर्डने कुठलीही सूचना न देता दुसरा फॉन्ट लावला आणि ओळी सरकल्या, वजाचं चिन्ह तुटलं, ल-श बदलले. म्हणून छपाईला वर्डची फाईल देऊ नका, पीडीएफ द्या. पीडीएफ उघडून गुणधर्मांत `Fonts` बघा. प्रत्येक नावापुढे `Embedded Subset` असेल तर फॉन्ट फाईलबरोबर चालला आहे. तिथे अनपेक्षित नाव दिसलं तर कुठेतरी जुन्या फॉन्टमधला तुकडा अजून शिल्लक आहे.

आणि मागच्या वर्षीचा पेपर उघडून त्यावरच नवा टाईप करायची पद्धत सोडा. दोष तिथूनच चालत येतात. एक कोरा साचा करा, फॉन्ट, आकार, भाषा आणि क्रमांकाची पद्धत त्यात पक्की करा, आणि जुना प्रश्न चिकटवताना फक्त मजकूर चिकटवा: उजवी कळ, मग `Keep Text Only`.

साच्याबरोबर चाचणीची एक पट्टी ठेवा. प्रत्येक परीक्षेआधी ती त्याच यंत्रावर, त्याच कागदावर, त्याच आकारात छापायची:

```
१९ ९१ १७ ७९ ४५ ५४ ४८ ६३ ३६ ८०
19 91 47 74 68 86 35 53 60 06
धन घन भार मार बल वल थर यर
l 1 I   O 0   −5 -5   3 : 4   x × 2
x²  x³  2⁵  ०.५  ०.०५
```

पन्नासेक प्रती काढा आणि शेवटची प्रत ज्यांना तो पेपर नाही अशा खालच्या वर्गातल्या दोन मुलांना द्या. वेळ दुपारची, शाळा सुटण्याआधीची. कागद बाकावर ठेवून, हातात न उचलता, उजवीकडून डावीकडे एकेक चिन्ह मोठ्याने वाचायला सांगा. डावीकडून वाचलं तर मूल ओळखीचे आकडे अंदाजाने म्हणतं. जिथे ते थांबलं किंवा कागद डोळ्याजवळ नेला, तिथे खूण करा. खूण अंकावर असेल तर आकार एक पॉइंट वाढवा, धन-घनवर असेल तर वजन किंवा रिसोची घनता कमी करा, l किंवा O वर असेल तर प्रश्नातलं अक्षर बदला. मग नवा मास्टर काढून तीच पट्टी पुन्हा छापा, आणि ती न अडखळता वाचली गेली की पेपर छपाईला सोडा.